ब्रेक ऑइल किलोमीटर मोजत नाही

इलेक्ट्रिक गाडी घेऊन दोन-तीन वर्षे झालेली माणसे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास विचारतात. बिलाच्या अंदाजपत्रकात ‘ब्रेक फ्लुइड बदलणे’ अशी ओळ असते आणि मालक म्हणतो, ‘‘अहो, मी ब्रेक वापरतच नाही. पाय उचलला की गाडी आपोआप थांबते. पॅड बघा, नव्यासारखे आहेत. मग ऑइल कशाला बदलायचं?’’ काउंटरवरच्या मुलाकडे बहुधा एवढेच उत्तर असते की कंपनीच्या यादीत लिहिले आहे म्हणून. मालकाला ते पटत नाही, ओळ खोडली जाते आणि गाडी घरी जाते.

मालकाच्या प्रश्नात तथ्य नाही असे नाही. रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमध्ये मोटर जनरेटरसारखी चालते, गाडीचा वेग विजेत बदलून बॅटरीत टाकते आणि रोजच्या शहरी वापरात पॅड डिस्कला क्वचितच टेकतात. पॅड वर्षानुवर्षे टिकतात हे खरेच आहे. पण या खऱ्या गोष्टीवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. पॅड घासून झिजतो. ब्रेक ऑइल घासण्याने खराब होत नाही, ते हवेतल्या ओलाव्याने होते. ओलावा गाडी उभी असतानाही आत शिरत असतो. माझे म्हणणे त्याच्याही पुढचे आहे: ब्रेक कमी वापरले जातात म्हणूनच इलेक्ट्रिक गाडीत ऑइलची मुदत अधिक काटेकोरपणे पाळायला हवी, कारण ते खराब झाल्याची चाहूल लागण्याच्या नेहमीच्या वाटा या गाडीत बंद झालेल्या असतात.

आधी हे ऑइल काय आहे ते पाहू. आजच्या बहुतेक गाड्यांत डॉट 3, डॉट 4 किंवा डॉट 5.1 दर्जाचे ब्रेक ऑइल असते. ते खनिज तेल नसते, ग्लायकॉल इथर जातीच्या रसायनांपासून बनवलेले असते. इंजिन ऑइलचा थोडासा अंश जरी त्यात गेला तरी रबरी सील फुगून निकामी होतात, इतके ते वेगळे आहे. या रसायनाचा स्वभाव पाणी ओढून घेण्याचा आहे आणि तो मुद्दामच तसा ठेवलेला आहे. पाणी ऑइलमध्ये मिसळले नाही तर ते थेंब होऊन तळाशी, म्हणजे नेमके चाकापाशी, कॅलिपरमध्ये साचेल. तिथे ते गंज चढवेल, थंडीत गोठेल आणि शंभर अंशांना उकळेल. त्यापेक्षा ते सगळ्या ऑइलमध्ये विरघळून राहिलेले बरे, असा तो हिशेब आहे. मात्र ही सोय ठरावीक काळापुरतीच असते.

पाणी आत येते कुठून? झाकण घट्ट आहे, ऑइल कुठे गळत नाही, मग ओलावा शिरतो कसा, असे अनेकांना वाटते. झाकणाला हवा खेळण्याची बारीक वाट असते, कारण पॅड झिजत गेले की टाकीतली पातळी खाली जाते आणि त्या जागी हवा यावी लागते. पण याहून मोठी वाट चाकांजवळच्या रबरी होजपाइपची आहे. रबर आपल्याला बंद वाटते, तरी पाण्याची वाफ त्यातून फार सावकाश आरपार जाते. ही क्रिया चाक फिरते की नाही हे पाहत नाही. दादरला इमारतीखाली आठवडाभर उभी असलेली गाडी आणि रोज ठाण्याला जाऊन येणारी गाडी, दोघींचे होजपाइप जुलै महिन्यात सारखाच ओलावा पितात. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलाव्याने भरलेली असते, त्यामुळे कोरड्या हवेच्या गावापेक्षा इथे हे काम लवकर होते.

आता परिणाम. ब्रेक ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी नियमात, एफएमव्हीएसएस 116 मध्ये, उत्कलनबिंदूचे दोन आकडे असतात: एक कोऱ्या ऑइलचा आणि एक ओल्या ऑइलचा. ‘ओले’ म्हणजे सुमारे 3.7 टक्के पाणी शोषलेले. डॉट 4 साठी कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस आणि ओल्याचा किमान 155 अंश असावा लागतो. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140 आहेत. गाडीत एकूण ऑइल अर्धा-पाऊण लिटर असते, असे धरले तर अर्ध्या लिटरमध्ये 3.7 टक्के म्हणजे जेमतेम साडेतीन चमचे पाणी. तेवढ्याने पाऊणशे अंशांची राखीव जागा संपते. शिवाय ही घसरण एकसारखी होत नाही. पहिल्या एक-दोन टक्के पाण्यातच उत्कलनबिंदू सर्वांत वेगाने खाली येतो. ऑइल ‘थोडेसेच जुने’ झाले तरी नुकसानीचा मोठा भाग झालेला असतो.

उत्कलनबिंदू खाली आल्याने बिघडते काय? द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडलवरचा पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. कॅलिपरमधले ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे झाले की पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात जातो, पेडल खोल उतरते आणि पॅडवर दाबच येत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. त्याचा सर्वांत घातक गुण असा की तो स्वतःचा पुरावा मागे ठेवत नाही. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबलात की वाफ पुन्हा द्रव होते आणि पेडल पूर्ववत कडक लागते. मेकॅनिक तपासतो तेव्हा गळती नसते, पॅड चांगले असतात, पेडल ठीक असते. ‘काही सापडलं नाही’ एवढे सांगून तो गाडी परत देतो. घाटात घडलेला असा प्रसंग ऐकला की सगळ्यांत आधी ऑइल शेवटचे कधी बदलले ते विचारावे.

इथे इलेक्ट्रिक गाडीच्या मालकाचा रास्त आक्षेप येतो. ऑइलचा उत्कलनबिंदू 155 अंशांवर आला असेल, पण माझे ब्रेक तापतच नाहीत. मग ते उकळणार कसे? रोजच्या रस्त्यावर हे बरोबर आहे. म्हणून जिथे हे उत्तर कोसळते ती जागाच पाहू.

महाबळेश्वरला रात्रभर मुक्काम केला. हॉटेलात चार्जर होता, गाडी रात्रभर लावून ठेवली, सकाळी बॅटरी शंभर टक्के भरली. तिथून प्रतापगडाच्या बाजूने आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला जायचे आहे. अंतर साधारण चाळीस किलोमीटर आणि उतार बाराशे मीटरहून अधिक. गाडी, चार माणसे आणि सामान मिळून वजन 1700 किलो धरू. एवढे वजन बाराशे मीटर खाली येते तेव्हा सुमारे दोन कोटी ज्यूल, म्हणजे वीजबिलाच्या हिशेबात साडेपाच युनिट ऊर्जा मोकळी होते. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध त्यातली अंदाजे अडीच युनिटे खातात. उरली तीन युनिटे. दोन किलोवॉटचा गीझर दीड तास चालवला तर जेवढी उष्णता निघते तेवढी ही आहे आणि ती कुठेतरी जायलाच हवी.

बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असती तर काहीच अडचण नव्हती. तीस युनिटच्या बॅटरीत या तीन युनिटांना जागा सहज होती आणि ब्रेकला हात लावावा लागला नसता. पण भरलेली बॅटरी आणखी वीज घेऊ शकत नाही, म्हणून गाडी रिजेन कमी करते किंवा जवळपास बंद करते. डॅशबोर्डवर तशी खूण येते. अशा वेळी घाट उतरण्याचा सगळा भार पुन्हा डिस्क आणि पॅडवर येतो. काही गाड्यांत तर रिजेन कमी पडले की गाडी स्वतःच हायड्रॉलिक ब्रेक हळूच लावते, म्हणजे पाय उचलल्यावर नेहमीइतकीच गाडी मंदावावी. टेस्लामध्ये ही सोय सेटिंगमधून चालू करता येते. चालकाला वाटते की रिजेनच काम करते आहे. प्रत्यक्षात पेडलवर पाय नसतानाही डिस्क तापत असते.

सुरुवातीचे दहा-पंधरा किलोमीटर असे वळणावळणाने ब्रेकवर उतरल्यावर खालच्या टपरीवर चहासाठी गाडी थांबते. सर्वांत जास्त धोका नेमका याच वेळी असतो. गाडी चालत असताना वारा डिस्कला थंड करत असतो. थांबली की वारा थांबतो आणि तापलेल्या डिस्कची उष्णता पॅडमधून पिस्टनकडे, पिस्टनमधून ऑइलकडे सरकते. म्हणून कॅलिपरमधल्या ऑइलचे तापमान ब्रेक लावताना नव्हे, तर थांबल्यावर काही मिनिटांनी सर्वांत वर जाते. चहा पिऊन निघताना पहिल्याच वळणावर पेडल मऊ लागले, अशा तक्रारीमागचे कारण बहुधा हेच असते. कोऱ्या ऑइलला ही उष्णता पचते. पाच वर्षे जुन्या, पावसाळ्यांतला ओलावा प्यायलेल्या ऑइलला पचेलच असे नाही.

घाट हा वर्षातून एखाद-दोनदा येणारा प्रसंग म्हणून सोडून द्यायचा म्हटले तरी जोरात ब्रेक मारण्याची वेळ कोणालाही कुठेही येते. ताशी साठ किलोमीटरवर तीच 1700 किलोची गाडी पूर्ण जोराने थांबवायची असेल तर पहिल्या क्षणी सव्वादोनशे किलोवॉटच्या आसपास शक्तीने वेग खाऊन टाकावा लागतो. अशा गाडीच्या मोटरची शक्ती शंभर किलोवॉटच्या आसपास असते आणि बॅटरीत एकदम तेवढीही वीज लोटता येत नाही. शिवाय मोटर ज्या चाकांना जोडलेली, त्याच चाकांवर रिजेन चालते. ओल्या रस्त्यावर चाक घसरू लागले की एबीएस रिजेन बाजूला सारून हायड्रॉलिक ब्रेकचा ताबा घेते. रोजचे हलके थांबणे मोटर करते आणि जीव वाचवणारे थांबणे ब्रेक ऑइल करते, अशी ही कामाची वाटणी आहे. दुसरे काम क्वचित येते म्हणून त्याची तयारी कमी ठेवणे हा उलटा न्याय झाला.

उकळण्याइतकाच दुसरा तोटा गंजाचा आहे, आणि तो घाटाची वाट पाहत नाही. ब्रेक ऑइलमध्ये गंजरोधक रसायने घातलेली असतात. ती काळानुसार संपत जातात आणि त्याच काळात पाणी वाढत जाते. कॅलिपरचा पिस्टन, मास्टर सिलिंडर आणि एबीएसच्या युनिटमधले बारीक व्हॉल्व्ह हे सगळे या ऑइलमध्ये बुडालेले असतात. पेट्रोल गाडीत दिवसातून शेकडो वेळा पेडल दाबले जाते, पिस्टन थोडा पुढे-मागे होतो, मोकळा राहतो. इलेक्ट्रिक गाडीत तो बहुतेक वेळ एकाच जागी बसून असतो. एका जागी बसलेल्या पिस्टनभोवती सीलच्या कडेला गंज धरला की तो अडकतो. मग पॅड डिस्कवर घासत राहतो आणि जे चाक तापायला नको तेच तापते. एबीएसचे युनिट बिघडले तर बहुतेक वेळा ते पूर्णच बदलावे लागते आणि त्याची किंमत ऑइल बदलण्याच्या खर्चाच्या कित्येक पट असते.

ब्रेक कमी वापरण्याचे तोटे कल्पनेतले नाहीत. जर्मनीत गाड्यांची ठरावीक काळाने सक्तीची तपासणी होते. तिथल्या निकालांवर आधारलेल्या, नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या टीयूव्ही रिपोर्टमध्ये दोन-तीन वर्षे वयाच्या गाड्यांत टेस्ला मॉडेल 3 शेवटच्या क्रमांकावर होती आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या दोषांत ब्रेक डिस्कचा उल्लेख होता. हा दोष ऑइलचा नव्हे, गंजलेल्या डिस्कचा आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. पण दोन्हींचे मूळ एक आहे: न वापरलेला ब्रेक हा जपलेला ब्रेक नसतो. फोक्सवॅगनने आयडी.3 आणि आयडी.4 या गाड्यांना मागे डिस्कऐवजी बंदिस्त ड्रम ब्रेक दिले, त्यामागेही मागचे ब्रेक फार कमी वापरले जातात आणि उघड्या डिस्क गंजतात हा विचार होता. बाहेरच्या गंजावर असा उपाय निघतो. आतल्या गंजावर ऑइल बदलणे हाच उपाय आहे.

आता चाहुलीचा मुद्दा. पेट्रोल गाडीत तीस-चाळीस हजार किलोमीटरला पॅड बदलायची वेळ येते. मेकॅनिक चाक काढतो, पिस्टन मागे ढकलतो, तो अडकत असेल तर त्याच्या हाताला कळते, टाकीचे झाकण उघडले की ऑइलही नजरेस पडते. पॅड संपणे हीच ब्रेकच्या पूर्ण तपासणीची आठवण असते. इलेक्ट्रिक गाडीत ती आठवण लाखभर किलोमीटर येतच नाही. दुसरी चाहूल पायाची. जुन्या रचनेत पेडल आणि ऑइल यांचा थेट संबंध असतो, म्हणून पेडल किंचित मऊ झाले तरी जाणत्या चालकाला कळते. अनेक नव्या गाड्यांत पेडलचा आणि चाकाकडे जाणाऱ्या ऑइलचा संबंध नेहमीच्या वापरात तोडलेला असतो. पायाला जो कडकपणा जाणवतो तो पेडलमागच्या स्प्रिंग-रबराच्या यंत्रणेने तयार केलेला असतो आणि खरा दाब इलेक्ट्रिक मोटर तयार करते. ही रचना उत्तम आहे, पण तिच्यात ऑइलचा मऊपणा पायापर्यंत पोचत नाही. नजर गेली आणि स्पर्शही गेला, की उरते फक्त तारीख.

यावर जाणकार वाचक म्हणतील की कंपन्यांचेच यावर एकमत नाही. हे खरे आहे. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांची मुदत देतात, तर टेस्ला दर चार वर्षांनी ऑइल तपासायला आणि गरज असेल तर बदलायला सांगते. पण ‘चार वर्षांनी तपासा’ याचा अर्थ ‘चार वर्षे विसरा आणि मग नुसते झाकण उघडून बघा’ असा नाही. तपासणीची पद्धत इथे निर्णायक असते. रंग पाहून पाण्याचे प्रमाण कळत नाही. स्वच्छ सोनेरी ऑइलमध्येही तीन टक्के पाणी असू शकते. गॅरेजमध्ये दिवे लागणारे पेनसारखे मीटर असते. ते ऑइलमधून वीज किती वाहते यावरून अंदाज बांधते, पण ऑइलच्या ब्रँडप्रमाणे आणि त्यातल्या रसायनांप्रमाणे हा अंदाज बदलतो. ऑइलचा नमुना प्रत्यक्ष तापवून उत्कलनबिंदू मोजणारे यंत्र त्याहून भरवशाचे. नमुना कुठला घेतला हेही महत्त्वाचे. मीटर बुडवतात टाकीत, आणि ओलावा जास्त असतो चाकांजवळ, कारण होजपाइप तिथे आहेत आणि उष्णताही तिथेच येते. ऑइल जिथे फारसे हलतच नाही त्या इलेक्ट्रिक गाडीत टाकीतला आकडा चाकापाशी काय आहे ते सांगेलच असे नाही.

म्हणून माझे मत असे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ऑइल बदलण्याची मुदत दिली असेल तर ती वर्षांतच पाळा. किलोमीटर कमी झाले म्हणून ती वाढवू नका. पुस्तिकेत फक्त तपासणी सांगितली असेल आणि गाडी किनारपट्टीवर राहत असेल, तर उत्कलनबिंदू मोजून घ्या. ती सोय नसेल तर दोन-तीन वर्षांनी बदलून टाका. सोलापूर किंवा जळगावच्या कोरड्या हवेत गाडी असेल आणि पुस्तिका सवलत देत असेल, तर ती घ्यायला हरकत नाही. सरसकट भीती घालणे हा या लेखाचा हेतू नाही. सवलत द्यायची तर हवेकडे आणि मोजमापाकडे पाहून द्यावी, ओडोमीटरकडे पाहून देऊ नये.

बदलण्याचे काम नीट झाले की नाही, हे ओळखणेही मालकाला जमायला हवे. या कामात एक पळवाट फार रुळलेली आहे: सिरिंजने टाकीतले जुने ऑइल ओढून घ्यायचे, नवे ओतायचे आणि झाकण लावायचे. दहा मिनिटांत टाकी चकचकीत दिसते, पण कॅलिपरमधले ऑइल तेच राहते. खऱ्या कामात गाडी वर घेतली जाते, प्रत्येक कॅलिपरच्या ब्लीड निपलला पारदर्शक नळी लावून ती बाटलीत सोडली जाते आणि नवे, फिके ऑइल दिसू लागेपर्यंत जुने बाहेर काढले जाते. चारही चाके पुस्तिकेतल्या क्रमाने होतात. साधारण लिटरभर नवे ऑइल लागते, म्हणून अर्ध्या लिटरची एकच बाटली बिलात दिसली तर विचारावे. बाटली तुमच्यासमोर उघडलेली सीलबंद असावी. उघडून ठेवलेली बाटलीही हवेतला ओलावा ओढतच असते. दर्जा टाकीच्या झाकणावर लिहिलेला असतो, तोच घ्यावा. काही नव्या गाड्यांना एबीएस आणि ईएसपीच्या जलद कामासाठी पातळ ऑइल लागते. तिथे साधे डॉट 4 ओतणे योग्य नाही. सिलिकॉनवर आधारलेले डॉट 5 तर या ऑइलमध्ये मिसळूच नये, डॉट 5.1 शी नाव जुळते म्हणूनही नाही.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत आणखी एक काळजी लागते. काही गाड्यांत, उदाहरणार्थ टोयोटा प्रियसमध्ये, चालकाचा दरवाजा उघडताच ब्रेकचा पंप दाब तयार करू लागतो. कॅलिपर उघडा असताना असे झाले तर ऑइल उसळते, पिस्टन बाहेर ढकलला जातो आणि मेकॅनिकची बोटे सापडू शकतात. त्यामुळे आधी स्कॅनर जोडून यंत्रणा सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते आणि एबीएस युनिटमधली हवा काढण्याची आज्ञाही स्कॅनरनेच द्यावी लागते. ओळखीच्या मेकॅनिककडे जायला हरकत नाही, पण त्याच्याकडे तुमच्या गाडीला चालणारा स्कॅनर आहे का, हे आधी विचारावे. काम सुरू असताना प्रत्येक कॅलिपरचा पिस्टन आणि सरकणाऱ्या पिना मोकळ्या आहेत का, तेही पाहून घ्यायला सांगावे. एरवी पॅड बदलताना जी तपासणी झाली असती ती या निमित्ताने होते.

हा सगळा विचार येत्या काही वर्षांत जास्त कामाला येणार आहे, कारण जुन्या इलेक्ट्रिक गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाऊ लागल्या आहेत. विकणारा अभिमानाने सांगतो की गाडी पाच वर्षांत फक्त वीस हजार किलोमीटर चालली आहे, पॅड मूळचेच आहेत. घेणारा बॅटरी किती टक्के शाबूत आहे ते विचारतो आणि खूश होतो. त्याने आणखी एक विचारावे: ब्रेक ऑइल कोणत्या तारखेला बदलले आणि बिल आहे का? उत्तर मिळाले नाही तर गाडी घ्यायला हरकत नाही. मात्र ‘कमी चालली आहे’ हा ब्रेकच्या बाबतीत गुण मानू नये आणि पहिल्या घाटाआधी ऑइल बदलून घ्यावे.